शनीची दोन घरं

२०१३ सालची हनुमान जयंती २५ एप्रिलला, गुरुवारी आली होती. त्या संध्याकाळी सात वाजता वाशीत एक मूल जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला नेरूळला दुसरं, असं धरून चालू. मुलं कल्पनेतली आहेत, आकाश मात्र खरं आहे. त्या वर्षीचं कुठलंही पंचांग उघडून ते पडताळता येईल.

दोन्ही वेळी चंद्र तुळेत, स्वाती नक्षत्रात होता. म्हणजे दोघांची रास तूळ, नक्षत्र स्वाती. शनीही तुळेतच, साधारण चौदाव्या अंशावर, वक्री. तूळ ही शनीची उच्च रास. सोबत राहूही तिथेच होता आणि मधल्या रात्री दीडच्या सुमारास एक निसटतं खंडग्रास चंद्रग्रहणही होऊन गेलं. मंगळ, रवी, शुक्र समोर मेषेत होते. साडेसतरा तासांत यातला एकही ग्रह रास बदलत नाही. जन्मराशीतच शनी असल्यामुळे दोन्ही मुलं ऐन साडेसातीत जन्मली आणि दोघांची साडेसाती २०१७ मध्ये एकाच दिवशी संपली.

आता ही दोन टिपणं एखाद्या जाणत्या ज्योतिषापुढे ठेवा. वाशीच्या मुलाबद्दल तो म्हणेल, ‘शनी योगकारक आहे, शनीच्या महादशेत हा वर येईल.’ नेरूळच्या मुलाचं टिपण पाहून मात्र तो क्षणभर थांबेल आणि म्हणेल, ‘शनीची दशा सांभाळून काढायला हवी.’ ग्रह तोच, रास तीच, अंशही तोच. ग्रह उच्चीचा आहे हेही दोघांना सारखंच लागू. तरी निकाल उलटा. फलज्योतिषाच्या शास्त्रात हा निकाल कुठून येतो, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

फरक आहे तो लग्नाचा. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दिवसभरात बाराही राशी एकामागून एक उगवतात. प्रत्येकीला दोन तास हा ढोबळ हिशेब झाला. प्रत्यक्षात राशी क्षितिजावर कमीअधिक तिरप्या येतात, म्हणून त्यांना लागणारा वेळ सारखा नसतो. नवी मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे. इथे वृश्चिक लग्न सव्वादोन तासांच्या आसपास चालतं, तर मीन लग्न जेमतेम एक तास पस्तीस मिनिटांत संपतं. त्यामुळे वाशी-बेलापूरच्या पट्ट्यात मीन लग्नाची माणसं वृश्चिक लग्नाच्या माणसांपेक्षा थोडी कमीच भेटणार.

त्या गुरुवारी नवी मुंबईत तूळ लग्न संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास लागलं आणि सव्वाआठपर्यंत होतं. शुक्रवारी सकाळी सात वाजून एकवीस मिनिटांपासून दोन तास वृषभ लग्न होतं. साडेअकरानंतर कर्क लागलं, ते पावणेदोनपर्यंत. म्हणून वाशीचं मूल तूळ लग्नाचं आणि नेरूळचं कर्क लग्नाचं.

लग्नाची रास बदलली की पत्रिकेतली बाराही स्थानं सरकतात. पहिलं स्थान शरीराचं, चौथं घरादाराचं आणि आईचं, पाचवं संततीचं आणि बुद्धीचं, सातवं जोडीदाराचं, नववं भाग्याचं, दहावं कर्माचं. आणि सहावं, आठवं, बारावं ही अनुक्रमे रोग-ऋण-शत्रूचं, मृत्यू-संकटाचं आणि खर्चाचं. प्रत्येक स्थानात जी रास पडते, तिचा स्वामी तो त्या स्थानाचा मालक. शनी मकर आणि कुंभ या दोन राशींचा स्वामी आहे. या दोन राशी तुमच्या पत्रिकेत कोणत्या स्थानात पडल्या, यावर शनीची मालकी ठरते आणि मालकीवरून तो तुमचा हितकर्ता की त्रासदायक, हे ठरतं.

हे स्वतःच्या पत्रिकेत पाहायला फार विद्या लागत नाही. आपल्याकडच्या चौकटीच्या कुंडलीत वरचं मधलं घर हे लग्न. घरांत लिहिलेले आकडे हे राशींचे असतात, स्थानांचे नव्हेत. नवख्या माणसाचा इथेच घोटाळा होतो. १० म्हणजे मकर, ११ म्हणजे कुंभ. लग्नाच्या घरापासून उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, एक, दोन, तीन असं मोजत जायचं आणि १० व ११ हे आकडे कितव्या घरात आले ते पाहायचं. शनी स्वतः कुठे बसला आहे हा प्रश्न त्यानंतरचा. बहुतेक लोक आधी तो कुठे बसला आहे ते पाहतात आणि तिथेच हबकतात.

शनीला नैसर्गिक पापग्रह म्हणतात. मंगळ, रवी, राहू, केतू हेही त्याच यादीत येतात. गुरू, शुक्र हे नैसर्गिक शुभ. ही यादी ग्रहाचा स्वभाव सांगते. शनीचा स्वभाव कोरडा, संथ, उशीर करणारा, श्रम करून घेणारा. हा स्वभाव कोणत्याही लग्नाला बदलत नाही. बदलतो तो त्याचा हुद्दा. हुद्द्याचे नियम लघुपाराशरी या चाळीस-बेचाळीस श्लोकांच्या छोट्या ग्रंथात एकत्र सापडतात. त्याचं दुसरं नाव उडुदायप्रदीप. ग्रंथ इतका आटोपशीर की बरेच जण तो पाठ करतात, आणि पाठ केला म्हणून समजला असंही बरेच जण मानतात.

त्यातला कणा एवढाच. पहिलं, पाचवं, नववं ही त्रिकोणस्थानं. त्यांचा स्वामी, मग तो स्वभावाने कसाही असो, शुभ फळ देतो. तिसरं, सहावं, अकरावं यांचे स्वामी पापफळ देतात. आठव्याचा स्वामीही अशुभ, कारण आठवं हे भाग्यस्थानाचं व्ययस्थान आहे: नवव्यापासून मोजलं तर ते बारावं येतं. दुसऱ्या आणि बाराव्याचे स्वामी स्वतःचं काही ठरवत नाहीत. ते ज्यांच्यासोबत बसतात आणि त्यांची दुसरी रास ज्या स्थानात असते, त्याप्रमाणे वागतात. राहिली केंद्रं: पहिलं, चौथं, सातवं, दहावं. इथला नियम सगळ्यांत मजेशीर आहे. केंद्राचा स्वामी झाला की शुभ ग्रह आपलं शुभत्व सोडतो आणि पापग्रह आपलं पापत्व सोडतो. दोघेही तटस्थ होतात.

शेवटच्या वाक्यात लोक हमखास घसरतात. शनी केंद्राचा स्वामी झाला म्हणजे तो शुभ झाला, असं त्यातून काढलं जातं. शास्त्र तसं म्हणत नाही. केंद्रामुळे त्याची धार बोथट होते, एवढंच. शुभ व्हायला त्याच्याकडे त्रिकोणही असावा लागतो. एकाच ग्रहाकडे केंद्र आणि त्रिकोण दोन्ही आले तर तो योगकारक. त्याने कुणाशी युती करायची गरज नाही, दुसऱ्या ग्रहाची वाट पाहायची गरज नाही. राजयोगाला लागणारी दोन्ही टोकं त्याच्या एकट्याच्या हातात असतात.

शनीच्या बाबतीत एक साधी भूमिती आहे आणि ती लक्षात आली की बाराही लग्नांचं पाठांतर करावं लागत नाही. मकर आणि कुंभ या लागून असलेल्या राशी आहेत. मंगळाच्या मेष-वृश्चिक किंवा गुरूच्या धनू-मीन यांच्यासारख्या त्या दूर दूर नाहीत. म्हणून शनीला मिळणारी दोन स्थानं नेहमी शेजारची असतात. आता कुंडलीत केंद्र आणि त्रिकोण शेजारी शेजारी कुठे येतात? चौथं-पाचवं आणि नववं-दहावं, फक्त या दोन ठिकाणी. (लग्न स्वतःच केंद्रही आहे आणि त्रिकोणही, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी.) चौथं मकर आणि पाचवं कुंभ येतं ते तूळ लग्नाला. नववं मकर आणि दहावं कुंभ येतं ते वृषभ लग्नाला. शनी योगकारक होतो तो या दोनच लग्नांना, आणि दोन्ही लग्नांचा स्वामी शनीचा मित्र शुक्र. परंपरेने मैत्री आधी मांडली की भूमिती आधी पाहिली, हा वाद अभ्यासकांनी घालावा. दोन्ही एकमेकांना जुळतात एवढं खरं.

दुसऱ्या टोकाला कर्क आणि सिंह. राशींचं स्वामित्व वाटताना चंद्राला कर्क आणि रवीला सिंह दिली, त्यांच्या दोन्ही बाजूंना बुध, मग शुक्र, मंगळ, गुरू असं करत करत बरोबर समोर, सर्वांत लांब शनीला मकर-कुंभ मिळाल्या. प्रकाशाच्या दोन ग्रहांच्या नेमका समोर काळोखाचा ग्रह, अशी ती मांडणी आहे. त्याचा परिणाम असा की कर्क लग्नाला शनी सातव्या आणि आठव्याचा स्वामी होतो, सिंह लग्नाला सहाव्या आणि सातव्याचा. सातवं केंद्र आहे, पण ते मारकस्थानही आहे. जोडीला आठवं किंवा सहावं. त्रिकोणाचा मागमूस नाही. म्हणून कर्क-सिंह लग्नाची माणसं शनीच्या नावाने दचकतात, ते या चौकटीत अकारण नाही.

मधली लग्नं थोडक्यात सांगतो. मकर आणि कुंभ लग्नाला शनी स्वतः लग्नेश, तेव्हा तो परका नाही. मेषेला दहावं आणि अकरावं: केंद्राने बोथट झाला, अकराव्याने पुन्हा बिघडला. वृश्चिकेला तिसरं-चौथं, धनूला दुसरं-तिसरं, मीनेला अकरावं-बारावं. या तिघांनाही त्याच्याकडून फार आशा धरू नये. खरा पेच मिथुन आणि कन्या या लग्नांचा आहे. मिथुनेला शनी आठव्या आणि नवव्याचा स्वामी, कन्येला पाचव्या आणि सहाव्याचा. एका हाती देणं, दुसऱ्या हाती घेणं. इथे मूलत्रिकोण राशीची मदत घेतात. शनीची मूलत्रिकोण रास कुंभ, म्हणून कुंभ ज्या स्थानात पडते त्याचं फळ वरचढ धरायचं. मिथुनेला कुंभ नवव्यात येते, तेव्हा पारडं शुभाकडे झुकतं. कन्येला कुंभ सहाव्यात जाते, तेव्हा पाचव्याचं देणं कटकटी करून मिळतं. मला ही युक्ती पटते, कारण ती निदान आधीपासून सांगता येते. निकाल लागल्यावर शोधलेली नसते.

एक गोष्ट मात्र बऱ्याच पुस्तकांत दबकत सांगितली जाते, ती इथे स्पष्ट सांगू. ज्या दोन लग्नांना शनी योगकारक, त्याच दोन लग्नांना गुरू अडचणीचा. तुळेला गुरू तिसऱ्या आणि सहाव्याचा स्वामी, वृषभेला आठव्या आणि अकराव्याचा. गुरूची दशा लागली म्हणून पेढे वाटणाऱ्या आणि शनीची लागली म्हणून तेल वाहायला निघालेल्या तूळ लग्नाच्या माणसाने दोन्ही कामं उलटी केलेली असतात, निदान या नियमांप्रमाणे.

आता आपली दोन मुलं पुन्हा घेऊ.

वाशीचं मूल, तूळ लग्न. शनी पहिल्याच स्थानात, उच्च. केंद्रात उच्चीचा शनी म्हणजे पंचमहापुरुषांपैकी शशयोग झाला. चौथ्या आणि पाचव्याचा स्वामी लग्नात आला, म्हणजे घर, शिक्षण, बुद्धी यांची सूत्रं माणसाच्या स्वतःच्या अंगाशी येऊन जोडली गेली. दोषही आहेत. राहू आणि चंद्र सोबत आहेत, समोर सातव्यात स्वराशीचा मंगळ शनीकडे रोखून पाहतो आहे आणि लग्नेश शुक्र त्या मंगळाच्या शेजारी अडकला आहे. लग्न उशिरा, सहजीवनात तणातणी, स्वभावात एकलकोंडेपणा, असं ज्योतिषी म्हणेलच. योगकारक म्हणजे निर्दोष असं नव्हे. शनीचा स्वभाव तसाच राहतो, तो उशीर करतोच. पण उशिरा का होईना, जे हाती येतं ते घर, विद्या आणि मान या खात्यांतलं असतं.

नेरूळचं मूल, कर्क लग्न. इथे शनी चौथ्या स्थानात. चौथंही केंद्रच, शनी उच्चीचाच, म्हणजे शशयोग इथेही तंतोतंत होतो. संगणकाने छापलेल्या पत्रिकेत दोन्हीकडे तीच ओळ येईल आणि दोन्ही घरी तितकाच आनंद होईल. पण या घरातला शनी सातव्या आणि आठव्याचा स्वामी आहे, मूलत्रिकोण कुंभ तर थेट आठव्यातच. तो चौथ्यात, म्हणजे आई, घर आणि मनःस्वास्थ्य यांच्या स्थानात येऊन बसला. सोबत लग्नेश चंद्र आणि राहू. तिथून त्याची दहावी दृष्टी लग्नावर, सातवी दृष्टी दहाव्यावर आणि तिसरी सहाव्यावर. संकटाचा स्वामी, तोही पूर्ण बळात, लग्नेशाला धरून बसला आहे आणि लग्नालाही पाहतो आहे.

या ठिकाणी सगळ्यांत जास्त गफलत होते. उच्च, स्वराशी, वक्री ही ग्रहाच्या बळाची मापं आहेत. शुभ की अशुभ हे मालकीवरून ठरतं. बळ हे गुणक आहे, चिन्ह नव्हे. हितकर्ता बलवान असला तर हित जास्त, त्रास देणारा बलवान असला तर त्रास नेटाचा. ‘उच्चीचा शनी आहे, काळजी नको,’ हे वाक्य कर्क लग्नाच्या आईला सांगणारा ज्योतिषी अर्धवट शिकलेला असतो. उलट बाजूही सांगायला हवी: बलवान अष्टमेश आयुष्य देतो असं परंपराच मानते, त्यामुळे या मुलाला अल्पायुषी म्हणणंही तितकंच चूक. आणि याच मुलाचा मंगळ पाचव्या-दहाव्याचा स्वामी, म्हणजे कर्केचा योगकारक, दहाव्यात स्वराशीत आहे. कर्तृत्वाची वाट त्याला तिकडून आहे.

फळ मिळायचं ते दशेत. विंशोत्तरी दशेत शनीच्या वाट्याला १९ वर्षं येतात. दोन्ही मुलं स्वातीची, स्वातीचा स्वामी राहू, म्हणून दोघांचा क्रम एकच: राहू, गुरू, शनी. पण चंद्र साडेसतरा तासांत स्वातीच्या सुरुवातीपासून शेवटाकडे सरकला आहे. वाशीच्या मुलाला राहूची सोळाएक वर्षं शिल्लक आहेत, म्हणून राहू २०२९ पर्यंत, मग १६ वर्षं गुरू आणि साधारण २०४५ पासून शनी. वय तेव्हा बत्तीस. नेरूळच्या मुलाची राहूची जेमतेम दोनेक वर्षं उरली होती. त्याचा गुरू २०१५ मध्ये लागला आणि शनी २०३१ च्या आसपास लागेल, अठराव्या वर्षी. एकाला योगकारकाची दशा कमावत्या वयात, दुसऱ्याला अष्टमेशाची दशा ऐन शिक्षणात. एक रास, एक नक्षत्र, एक साडेसाती असूनही शनीचा काळ चौदा वर्षांनी वेगळा पडला. राशिभविष्याच्या सदरात ही दोन मुलं एकाच परिच्छेदात बसतात.

त्याच शुक्रवारी सकाळी आठ वाजता जन्मलेलं तिसरं मूल वृषभ लग्नाचं. त्याचाही शनी योगकारक, भाग्येश आणि दशमेश. पण बसला आहे सहाव्यात. इथे ज्योतिषांत सरळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, योगकारक सहाव्यात गेला, राजयोग मोडला. दुसरा म्हणतो, पापग्रह सहाव्यात चांगलाच, त्यात उच्चीचा. भाग्य उगवेल ते नोकरी, स्पर्धा, कोर्टकचेरी किंवा रुग्णसेवा अशा सहाव्याच्या वाटेने. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. मालकी हुद्दा ठरवते, स्थान कामाची जागा ठरवते. हुद्दा जागेमुळे रद्द होत नाही, मात्र कुठल्या दारातून फळ येईल हे जागा ठरवते.

या सगळ्या इमारतीचा पाया म्हणजे जन्मवेळ, आणि तो किती नाजूक आहे ते पाहा. त्या गुरुवारी तूळ लग्न सव्वाआठला संपलं. आठ-दहाला जन्मलेलं मूल तूळ लग्नाचं, शनी चौथ्या-पाचव्याचा स्वामी होऊन लग्नात. आठ-वीसचं मूल वृश्चिक लग्नाचं. शनी तिसऱ्या-चौथ्याचा स्वामी होऊन बाराव्यात. दहा मिनिटांत योगकारक गेला आणि शशयोगही गेला. प्रसूतिगृहात भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असू शकतं. पहिल्या रडण्याची वेळ, नाळ कापल्याची वेळ आणि कागदावर लिहिलेली वेळ या तीन वेगळ्या वेळा असू शकतात. शिवाय अयनांशाचा प्रश्न. भारतीय पंचांगसुधारणेत स्वीकारलेले लाहिरी अयनांश आपल्याकडे रूढ आहेत, रामन अयनांश घेतले तर जवळपास दीड अंशाचा फरक पडतो आणि लग्नाची सीमा सहाएक मिनिटांनी हलते. गावाचा फरक मात्र तितकासा नाही. मुंबईचं लग्नकोष्टक नवी मुंबईला वापरलं तर चूक मिनिटभराचीही होत नाही. पुण्याचं वापरलं तर तीन-साडेतीन मिनिटांची होते.

म्हणून लग्न अगदी पहिल्या किंवा शेवटच्या अंशात असेल तर ‘तुमचा शनी योगकारक’ हे विधान करूच नये. आधी अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही लग्नांच्या पत्रिका मांडाव्यात. हल्ली ठरवून केलेल्या सिझेरियनसाठी मुहूर्त विचारायला आईवडील येतात. त्यांनाही सीमेपासून निदान अर्धा तास आतली वेळ द्यावी. शस्त्रक्रिया कधी सुरू करायची ते डॉक्टर ठरवतात, आणि तसंच असायला हवं.

नीलमचा प्रश्न याच नियमांत सुटतो. वाशी-नेरूळमध्ये खडे विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाला बहुधा रास विचारतात. रास मकर किंवा कुंभ असेल, साडेसाती चालू असेल, तर नीलम पुढे होतो. पण रत्न ग्रहाचं बळ वाढवतं असं मानायचं तर आधी तो ग्रह त्या लग्नाला काय लागतो हे पाहायला हवं. मकर राशीच्या माणसाचं लग्न सिंह असेल तर नीलम घालून तो स्वतःच्या षष्ठेशाला बळ देतो. हे मी शास्त्राच्या आतलं बोलतो आहे. जो सल्ला शास्त्राच्या आतच टिकत नाही, त्याला बाहेरची परीक्षा घ्यायचीही गरज नाही.

बाहेरची परीक्षा मात्र महाराष्ट्रात झाली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ज्योतिषांना आवाहन केलं. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे जन्मनोंदी जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली; नाणं उडवून ५० टक्के येतात. ही परीक्षा शनीची किंवा योगकारकाची नव्हती, बुद्धीची होती. पण बुद्धी म्हणजे पंचमस्थान, पंचमेश आणि त्याची शुभाशुभता, आणि वर सांगितलेले नियम वापरूनच ज्योतिषी त्या पत्रिका वाचणार. नियम आतून सुसंगत आहेत, हे मी या प्रकरणात दाखवलं. ते आयुष्यात खरे उतरतात, हे त्या परीक्षेत दिसलं नाही.

घरात पत्रिका असेल तर ती काढा, १० आणि ११ हे आकडे लग्नापासून कितव्या घरात आहेत ते मोजा आणि जन्मवेळ लग्नाच्या सीमेपासून किती लांब आहे ते पाहा. एवढं न पाहता जो कुणी ‘तुम्हाला शनी वाईट आहे’ म्हणून हजारोंची शांत किंवा अंगठी सांगेल, त्याला एकही रुपया देऊ नका.